व्हीआरमध्ये मळमळ होते? हेडसेटच्या जुळवणीपासून स्टिकने चालण्यापर्यंतचा क्रम

व्हीआर हेडसेट घरी आला की बरेचजण पहिल्याच दिवशी धावपळीचा मोठा गेम लावतात. दहा मिनिटांत पोटात ढवळायला लागतं, कपाळावर घाम येतो. मग कुणीतरी सल्ला देतं, "सोडू नकोस, रेटून खेळ, सवय होईल." सवय होते खरी, पण उलट्या दिशेने. हेडसेट आणि मळमळ यांची शरीर अशी सांगड घालतं, की पुढे काहींना हेडसेटच्या फोमचा वास आला तरी पोट बिघडल्यासारखं वाटतं. ही गाठ सोडवायला सवय लावण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

सहनशक्ती वाढते ती त्रास सुरू होण्याच्या अलीकडे थांबल्याने. हा लेख त्याच क्रमाचा आहे. सगळ्यात जास्त त्रास देणारी गोष्ट म्हणजे कंट्रोलरच्या स्टिकने चालणं, आणि मुख्य भर तिच्यावरच आहे. टप्प्यांचा क्रम बदलू नका. हेडसेट नीट जुळवलेला नसेल तर पुढचा सगळा सराव वाया जातो, कारण तुम्ही चुकीच्या कारणाशी झगडत बसता.

## टप्पा १: नेमकं काय बिनसतं ते ओळखा

हेडसेट प्रत्येक डोळ्याला थोडं वेगळं चित्र दाखवतो, त्यामुळे खोली जाणवते. आतले जायरोस्कोप आणि अ‍ॅक्सिलरोमीटर डोकं कसं फिरतंय ते सेकंदाला शेकडो वेळा मोजतात. बाहेरचे कॅमेरे खोलीतल्या कडा आणि कोपरे पाहून तुम्ही पुढे सरकलात की वाकलात ते ओळखतात. या माहितीवरून पुढचं चित्र तयार होतं. डोकं हलल्यापासून ते बदललेलं चित्र डोळ्यांत पोचेपर्यंत साधारण २० मिलिसेकंदांहून जास्त वेळ जाऊ नये, असा या क्षेत्रातला जुना दंडक आहे. उशीर त्याहून बराच वाढला की मान वळते आणि जग मागून ओढल्यासारखं येतं.

ही साखळी नीट चालू असेल तर खोलीत खरंच चालताना, वाकताना, मान वळवताना फारसा त्रास होत नाही. डोळे जे सांगतात तेच कान आणि पायही सांगतात.

कान इथे कुठून आले? आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत, त्या डोकं फिरणं टिपतात. शिवाय कॅल्शियमचे बारीक कण असलेली दोन इंद्रियं आहेत, ती सरळ रेषेतला हिसका आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा टिपतात. ही सगळी यंत्रणा वेगातला बदल ओळखते. एकसारख्या वेगाने सरळ चाललेल्या वाहनात डोळे मिटले तर आपण हलतोय हे कान सांगू शकत नाहीत.

स्टिक पुढे ढकलली की डोळे म्हणतात "आपण निघालो", कान म्हणतो "आपण जागेवरच उभे". मेंदूला या दोन्हींचा मेळ लागत नाही, आणि मळमळ त्यातून येते, असं सर्वाधिक मानलं जाणारं स्पष्टीकरण आहे. गाडी लागते तेव्हा हेच उलट घडतं. तिथे कानाला हिसके जाणवतात आणि डोळे मात्र हातातल्या स्थिर पुस्तकावर असतात. म्हणून ज्याला गाडी लागते त्याला व्हीआरचा त्रास होईलच असं नाही, आणि ज्याला कधीच गाडी लागली नाही त्यालाही तो होऊ शकतो.

यातून दोन गोष्टी पुढे सतत उपयोगी पडतील. पहिली, एकसारख्या वेगाने सरळ जाणं तुलनेने सोपं असतं, कारण अशा वेळी कान खऱ्या आयुष्यातही गप्पच असतो. निघणं, थांबणं, वळणं, उडी, जिना, लिफ्ट हे क्षण अवघड असतात. दुसरी, आपण हलतोय हा भास मुख्यतः नजरेच्या कडेला सरकणाऱ्या दृश्यामुळे होतो. शेजारच्या रुळावरची गाडी सुटली की आपलीच सुटली असं वाटतं, तोच हा भास. म्हणून मोकळ्या मैदानात चालणं सोसतं, पण अरुंद बोळात दोन्ही बाजूंच्या भिंती जवळून सरकू लागल्या की त्याच वेगाला पोट ढवळतं.

तपासणी: स्टिकला हात न लावता, फक्त मान वळवूनही त्रास होत असेल तर दोष बहुधा जुळवणीत किंवा चित्राच्या उशिरात आहे. टप्पा २ नीट होईपर्यंत पुढे जाऊ नका. फक्त स्टिकनेच त्रास होत असेल तर तो सरावाने कमी होण्यासारखा आहे.

## टप्पा २: हेडसेट जुळवा

बाहुल्यांमधलं अंतर मोजा. प्रौढांमध्ये ते सरासरी ६३ मिमी असतं, पण माणसागणिक बराच फरक पडतो. आरशापासून साधारण २० सेंटीमीटरवर उभे राहा आणि मिलिमीटरची पट्टी भुवयांवर आडवी टेकवा. उजवा डोळा मिटून पट्टीचा शून्य डाव्या बाहुलीच्या मध्यावर आणा. आता डोकं आणि पट्टी अजिबात न हलवता डावा डोळा मिटा, उजवा उघडा आणि उजव्या बाहुलीच्या मध्यावरचा आकडा वाचा. तीनदा मोजून सरासरी घ्या. चष्म्याच्या दुकानात हे अंतर मोजलेलं असेल तर तोच आकडा वापरा.

हेडसेटवर त्यासाठी चाक, सरकपट्टी किंवा लेन्सच्या ठराविक जागा असतात, आणि पडद्यावर ते `IPD` या नावाने दिसतं. ठराविक जागांचा हेडसेट असेल तर जवळची जागा निवडा. दोन जागांच्या मधोमध असाल तर दोन्हींवर पाच-पाच मिनिटं साधा मजकूर वाचून पाहा. हे अंतर चुकलं की आधी डोळ्यांवर ताण येतो, मग कपाळ दुखतं. पुष्कळ लोक या दुखण्यालाच व्हीआरची मळमळ समजतात.

उंची आणि पट्टा. लेन्सच्या मध्यभागीच चित्र सगळ्यात स्पष्ट असतं. बारीक अक्षरं समोर ठेवा आणि हेडसेट वर-खाली दोन-तीन मिलिमीटर सरकवत ती सर्वांत ठळक दिसतील तिथे थांबा. मागचा पट्टा डोक्याच्या मागच्या उंचवट्याच्या खाली बसला पाहिजे. तो वर राहिला तर हेडसेटचं वजन गालांवर येतं, खेळताना हेडसेट खाली सरकतो आणि चित्र धूसर होतं. दूरचं पाहायला चष्मा लागत असेल तर हेडसेटमध्येही तो लागतो. काचा हेडसेटच्या लेन्सला घासणार नाहीत इतकं अंतर मात्र ठेवा.

चित्रांचा वेग. सेकंदाला ७२ चित्रं दाखवायची तर प्रत्येक चित्राला सुमारे १४ मिलिसेकंद मिळतात, ९० दाखवायची तर ११. यंत्र वेळेत चित्र तयार करू शकलं नाही तर हेडसेट जुनंच चित्र डोक्याच्या नव्या दिशेनुसार सरकवून दाखवतो. मान वळवताना ही युक्ती बऱ्यापैकी चालते. शरीर पुढे-मागे सरकतं किंवा हात हलतात तेव्हा ती उघडी पडते. म्हणून ज्या वेगाला तुमचं यंत्र एकसारखं टिकू शकतं तो निवडा. मधूनमधून अडखळणाऱ्या ९० पेक्षा सलग चालणारा ७२ बरा. संगणकावर खेळत असाल आणि चित्र अडखळत असेल तर आधी चित्राची स्पष्टता कमी करा, वेगाला शेवटी हात लावा. पहिले काही आठवडे वायरलेसने संगणकाचा गेम खेळणं टाळा, त्यात उशिराची भर पडते.

तपासणी: एका जवळच्या उभ्या कडेकडे, म्हणजे दाराच्या चौकटीकडे वगैरे, पाहत मान डावीकडे-उजवीकडे हळू वळवा. कड दुहेरी दिसली, थरथरली किंवा चित्राच्या बाजूला काळी पट्टी डोकावली तर चित्रं गळत आहेत, म्हणजे काही चित्रं वेळेत तयार होत नाहीत. नंतर १० सेकंद स्तब्ध उभे राहा. समोरचं जग आपोआप सरकत असेल तर कॅमेऱ्यांना खोली नीट दिसत नाही. खोलीत एकसारखा प्रकाश करा, समोरचा मोठा आरसा झाका आणि कॅमेऱ्यांच्या काचा पुसा.

सावधान: लेन्सवर थेट ऊन पडू देऊ नका. लेन्स भिंगासारखं काम करते आणि आतला पडदा काही क्षणांत कायमचा जळतो.

## टप्पा ३: जागा आणि शरीर तयार ठेवा

टेबलफॅन समोरच्या एका ठरलेल्या दिशेला ठेवून वारा चेहऱ्यावर येऊ द्या. याचे दोन फायदे आहेत. चेहऱ्यावरचा वारा बऱ्याच जणांची मळमळ कमी करतो, आणि खऱ्या खोलीत समोरची बाजू कुठली आहे हे त्वचेला कळत राहतं. पायाखाली छोटी सतरंजी किंवा मॅट असेल तर मधली जागा पायांना सापडते.

पोट रिकामंही नको आणि तुडुंब भरलेलंही नको. हलकं खाऊन तासाभराने बसावं. अपुरी झोप, सर्दी, ताप, डोकेदुखी, मद्याचा अंमल यांपैकी काहीही असेल त्या दिवशी सराव करू नये. अशा दिवशी लवकर त्रास होतो, नोंदवहीत लिहायचा त्रासाचा आकडा खोटा पडतो आणि पुढचं वेळापत्रक बिघडतं.

सावधान: चक्कर येण्याचा किंवा कानाचा जुना आजार, अर्धशिशी, फिट्स, डोक्याला नुकताच लागलेला मार किंवा गर्भारपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मळमळीवरच्या गोळ्या घेऊन सराव करू नका. त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते. शिवाय शरीराची सूचनाच दाबली गेली तर कुठे थांबायचं ते कळत नाही.

## टप्पा ४: स्वतःचा आकडा ठरवा

"बरं वाटतंय" किंवा "वाटत नाही" एवढ्यावर सराव होत नाही. ० ते ५ अशी मोजपट्टी वापरा.

- ०: काहीच नाही.
- १: जांभया, तोंडाला पाणी सुटणं, डोकं जड, चेहरा गरम वाटणं.
- २: पोट आहे याची जाणीव होऊ लागते. अजून मळमळ नाही, पण लक्ष खेळावरून पोटाकडे जातं.
- ३: हलकी पण स्पष्ट मळमळ.
- ४: मळमळ वाढते, थंड घाम, चेहरा पांढरा.
- ५: उमासे, आता होईल अशी अवस्था.

थांबायचं २ वर. यावर तडजोड नाही. इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात, कारण २ वर असताना खेळता येत असतं. पण मळमळ लक्षणांच्या मागून येते. २ वर थांबलात तरी पुढची काही मिनिटं आकडा वर सरकू शकतो, आणि ३ वर थांबलात तर बऱ्याचदा ४ पाहूनच तो खाली येतो.

१ वरच्या खुणा फसव्या असतात. जांभई आली की माणूस म्हणतो, झोप कमी झाली. पण अकारण जांभया आणि सुस्ती ही या त्रासाची लवकर दिसणारी खूण आहे, आणि काहींना मळमळ न होता फक्त सुस्तीच येते. दर दोन मिनिटांनी वाजणारं घड्याळ लावा आणि प्रत्येक वेळी आकडा मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात ठरवलेला आकडा खेळाच्या भरात एकने कमी होतो.

थांबल्यावर: डोळे मिटा, हेडसेट काढा, बसा. मग डोळे उघडून दूरच्या स्थिर वस्तूकडे पाहा आणि वारा घ्या. आकडा ० होईपर्यंत परत हेडसेट घालू नका, आणि २ गाठला असेल तर त्या दिवशी परत घालूच नका.

## टप्पा ५: गेमच्या मेनूत जा

खेळ सुरू करण्यापूर्वी `Comfort` किंवा `Locomotion` नावाचा भाग उघडा. नावं गेमनुसार थोडी बदलतात.

वळण. `Snap Turn` चालू करा आणि कोन ३० किंवा ४५ अंश ठेवा. यात स्टिक ढकलली की दृश्य एका झटक्यात नव्या दिशेला जातं, मधलं फिरणं दिसत नाही. `Smooth Turn` मध्ये अख्खं जग तुमच्याभोवती गरगर फिरतं आणि कान मात्र स्थिर असतो. याहून जास्त त्रास देणारी सेटिंग क्वचितच असेल. सगळ्यात उत्तम वळण म्हणजे खरोखर पायांवर किंवा फिरत्या खुर्चीवर वळणं, कारण त्यात कानही वळतो.

चालणं. `Teleport` म्हणजे जिथे जायचं तिथे बोट दाखवायचं आणि तिथे पोचायचं. `Smooth` किंवा `Continuous` म्हणजे स्टिकने सरकत जाणं.

कडा झाकणं. `Vignette` किंवा `Tunnel` चालू केलं की हालचालीच्या वेळी दृश्याच्या कडा काळ्या होतात. नजरेच्या कडेचं सरकणंच भास निर्माण करतं, म्हणून ते झाकलं की भास मंदावतो. सुरुवात सगळ्यात जास्त पातळीपासून करा.

डोकं हलणं. `Head Bob` आणि कॅमेऱ्याची थरथर कायमची बंद ठेवा. तुमचं डोकं हललेलं नसताना दृश्य हलावं याला काहीच कारण नाही, आणि त्याची सवय करून मिळवण्यासारखंही काही नाही.

वेग पकडणं. सेटिंग असेल तर हळूहळू वाढणाऱ्या वेगापेक्षा लगेच पूर्ण वेग निवडा. हे उलटं वाटेल, पण हळूहळू वेग वाढण्याच्या सगळ्या काळात डोळ्यांना वेगातला बदल दिसत राहतो. लगेच पूर्ण वेग मिळाला तर तो बदल क्षणभरात संपतो.

## टप्पा ६: शिडी चढा

पायऱ्या पाच. एका वेळी एकच बदल करायचा. पायरी आणि वेळ एकाच दिवशी वाढवू नका.

पायरी १: जागेवर उभं राहून खेळायचे गेम, ज्यांत जग हलत नाही, फक्त तुम्ही हलता. बीट सेबर या प्रकारातला आहे. याने स्टिकची सवय लागत नाही, पण हेडसेटची लागते आणि जुळवणीतला दोष लपून राहत नाही. २० मिनिटं ० वर राहता आलं की पुढे.

पायरी २: टेलिपोर्ट आणि स्नॅप टर्न. मोठं जग, पण सरकणं नाही.

पायरी ३: स्टिकने चालणं, फक्त सरळ पुढे, मोकळ्या जागेत, कडा पूर्ण झाकून. वळायचं असेल तर थांबा, शरीराने वळा, मग निघा. नजर जायच्या दिशेलाच ठेवा, कारण पुढे जाताना बाजूला पाहिलं की सरकणारं दृश्य थेट नजरेसमोर येतं. एकदा निघालात की पाच-सहा सेकंद सलग चाला. स्टिक टकटक दाबत चालणं ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. सावकाश जातोय असं वाटतं, पण प्रत्येक टकटक म्हणजे एक सुरुवात आणि एक थांबणं.

पायरी ४: बोळ, जिने, आडवं आणि मागे सरकणं. हे एकेक करून घ्या. जिना सर्वांत शेवटी, कारण त्यात उभी हालचालही येते.

पायरी ५: कडा झाकणं टप्प्याटप्प्याने कमी करा: पूर्ण, मध्यम, कमी, बंद. त्यानंतर हवं असेल तरच स्मूथ टर्न. ते कधीच चालू केलं नाही तरी काही अडत नाही. वर्षानुवर्षं खेळणारे पुष्कळजण स्नॅप टर्नवरच असतात.

## टप्पा ७: वेळापत्रक, एका उदाहरणासह

चाचणीच्या दिवशी पायरी ३ वर किती मिनिटांत २ येतो ते मोजा. सरावाची सुरुवात त्याच्या साधारण ६० टक्क्यांवर करा. दिवसातून एकच सत्र, आणि दोन सत्रांमध्ये एक दिवस मोकळा. एकाच दिवशी चार वेळा खेळण्यापेक्षा चार वेगवेगळ्या दिवशी एकेकदा खेळल्याने जास्त सवय लागते. सलग दोन सत्रं ० किंवा १ वर संपली तर दोन मिनिटं वाढवा. २ आला तर पुढच्या सत्रात दोन मिनिटं कमी करा.

उदाहरणादाखल अशी व्यक्ती घेऊ, जी पायरी १ आणि २ विनात्रास पार करते, पण चाचणीत स्टिकने चालताना आठव्या मिनिटाला २ वर पोचते. खेळायला घेतलाय हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स. २०२० साली आलेल्या या गेममध्ये `Blink` आणि `Shift` या एका जागेहून दुसऱ्या जागी नेणाऱ्या पद्धती आहेत, आणि `Continuous` ही स्टिकने चालण्याची. त्यामुळे एकाच गेममध्ये शिडी चढता येते.

आठचे ६० टक्के म्हणजे जवळपास पाच मिनिटं. पहिलं सत्र पाच मिनिटांचं, `Continuous` वर, सरळ चालणं. शेवटी आकडा १. दुसरंही पाच मिनिटांचं, आकडा ०. तिसरं आणि चौथं सात मिनिटांचं, दोन्ही वेळा १. पाचवं नऊ मिनिटांचं ठरलं, पण सहाव्या मिनिटालाच २ आला आणि सत्र तिथेच थांबलं.

इथे घाबरून परत `Blink` वर जायचं नाही, आणि हट्टाने नऊ मिनिटं पूर्णही करायची नाहीत. नोंदवही पाहायची. त्या दिवशी काय वेगळं होतं? वाट एका अरुंद इमारतीत शिरली होती आणि मध्ये जिना होता. म्हणजे वेळ आणि पायरी दोन्ही एकदम वाढल्या होत्या, नकळत. यावर उपाय असा: सहावं सत्र सात मिनिटांचं, आणि जिना व बोळ आले की तेवढ्यापुरतं `Shift` वर जायचं. आकडा १. सातव्या सत्रातही तेच, आकडा ०. मग आठव्यापासून नऊ मिनिटं.

या गतीने, कुठे अडलं नाही तर, बाराव्या सत्राच्या आसपास साधारण १३ मिनिटं होतात. एक दिवस आड म्हटलं तर चाचणीपासून तीन-साडेतीन आठवडे. ही गती कुणाला कमी वाटेल, पण २ च्या वर एकदाही न जाता मिळालेली ही १३ मिनिटं टिकतात. त्यानंतर वेळ तेवढीच ठेवून पायरी ४ मधली एक गोष्ट, समजा आडवं सरकणं, जोडायची.

तपासणी: नोंदवहीत प्रत्येक सत्राला चार गोष्टी लिहा: मिनिटं, पायरी, शेवटचा आकडा, आणि हेडसेट काढल्यावर ३० मिनिटांनी कसं वाटतं. चौथी नोंद विसरू नका. खेळताना १ असून नंतर तासभर डोकं जड राहत असेल तर तुमची खरी मर्यादा खेळतानाच्या आकड्यापेक्षा खाली आहे. ते सत्र २ धरा.

## टप्पा ८: अडलं किंवा बिघडलं तर

सहा-सात सत्रांनंतरही आकडा जागचा हलत नसेल तर टप्पा २ पुन्हा करा. पट्टा सैल झालेला असतो किंवा गेमच्या नव्या आवृत्तीने चित्रं गळू लागलेली असतात. तिथे काही सापडलं नाही तर बसून खेळून पाहा. उभं असताना तोल सांभाळण्याचं कामही डोळे करत असतात आणि खोटं दृश्य शरीराला डोलायला लावतं. बसल्यावर ते ओझं कमी होतं.

नवा गेम घेतलात की सगळी सवय सोबत येईल असं धरू नका. चालण्याची सवय झालेल्याला विमान किंवा रेसिंगच्या गेममध्ये पुन्हा त्रास होऊ शकतो, कारण तिथले हिसके वेगळे असतात. नव्या प्रकाराला चाचणीचा दिवस वेगळा द्या. तीन-चार आठवडे खंड पडला असेल तर एक पायरी खाली येऊन, आधीच्या निम्म्या वेळेपासून सुरू करा. दुसऱ्यांदा चढायला सहसा कमी दिवस लागतात.

एखाद्या दिवशी चूक होऊन ४ किंवा ५ पाहिलाच, तर किमान तीन दिवस हेडसेट बाजूला ठेवा. परतताना पायरी १ वरची १० मिनिटं खेळा आणि आकडा ० असतानाच संपवा. हेडसेटची शेवटची आठवण मळमळीची राहू नये, म्हणून हे सत्र चुकवू नका.

सावधान: लांब सत्रानंतर तोल, नजर आणि हात-डोळ्यांचा मेळ काही काळ बिघडलेला असतो, माणसाला ते जाणवत नसलं तरी. हेडसेट काढल्यावर किमान एक तास गाडी चालवू नका, शिडीवर चढू नका, धारदार अवजारं हाताळू नका. त्या तासानंतरही एका पायावर, डोळे मिटून, नेहमीइतका वेळ उभं राहता येत नसेल तर आणखी थांबा. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चक्कर किंवा डोकेदुखी राहिली तर सराव बंद करून डॉक्टरांना दाखवा.